सांगलीची हळद, पुण्याचा भाव

मागच्या वर्षी श्रावणात नणंदेकडे कोथरूडला गेले होते. सकाळी चहा झाल्यावर ती पोह्यांची फोडणी करत होती, आणि ओट्यावर आमच्याच हळदीचं दोनशे ग्रॅमचं पाकीट उघडं पडलं होतं. आपला माल दुसऱ्याच्या ओट्यावर दिसला की बरं वाटतंच. सवयीनं मी पाकीट उलटं करून मागचा बॅच नंबर बघितला आणि कपाळावर आठी पडली. तो बॅच पुण्याला गेलेलाच नव्हता.

आमचं काम लहान आहे. कुपवाडच्या एमआयडीसीत एक शेड, हळद दळायचे दोन पल्वरायझर, चार बायका आणि मी. बॅच नंबर मीच वहीत लिहिते, म्हणून कुठला कुठे गेला ते डोक्यात असतं. हा बॅच सगळाच्या सगळा सांगलीतल्या एका घाऊक व्यापाऱ्याला दिला होता. नणंदेला विचारलं, कुठून घेतलंस? म्हणाली, "खालच्या किराणावाल्याकडून. का गं? खराब आहे का?"

खराब नव्हतं. स्वस्त होतं. तिला ते ९० रुपयांना मिळालं होतं. छापील किंमत ९९.

पुण्याचे आमचे वितरक दोन महिने कुरकुरत होते. आधी महिन्याला वीस बॉक्स उचलायचे, ते बारावर आले होते. मी आपली समजूत घातली होती, की पावसाळा आहे, खप कमी असेल. आता कळलं की खप कमी झाला नव्हता. माल दुसऱ्या दारानं आत येत होता.

हे दार माझं मीच उघडलेलं होतं. तेही दोनदा.

व्यवसाय २०१६ साली सुरू केला तेव्हा मी दोन किमतींचे दोन स्टिकर छापून घेतले होते. सांगली-मिरजेसाठी एक, पुण्यासाठी तेरा रुपयांनी जास्त असलेला दुसरा. तेव्हा त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. पाण्याची बाटली विमानतळावर आणि मल्टिप्लेक्समध्ये वेगळी किंमत छापून यायची, आणि तीही त्याच कंपनीची, तेवढ्याच पाण्याची. माझ्या सासऱ्यांचं किराणा दुकान होतं. त्यांच्या काळात तर डब्यावर किमतीपुढे 'स्थानिक कर वेगळे' असं लिहिलेलं असायचं, त्यामुळे गावागणिक भाव बदलायचा आणि दुकानदार 'कर' या शब्दात काय काय बसवायचा ते त्यालाच ठाऊक. १९९० साली सगळे कर धरून एकच कमाल किंमत छापायची सक्ती आली, तेव्हा सासरे वैतागले होते म्हणे.

मग २०१७ च्या जूनमध्ये वैधमापनशास्त्राच्या, म्हणजे वजनमापांच्या कायद्याच्या, पॅकबंद वस्तूंच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झाली. एकसारख्याच पाकिटावर अनुचित व्यापारी प्रथेनं दोन वेगवेगळ्या कमाल किमती छापायच्या नाहीत. 'अनुचित प्रथा' म्हणजे नेमकं काय यावर वकील मंडळी वाद घालू शकतील, पण आमच्या सीएनं एका वाक्यात निकाल लावला, "ताई, तुमच्या उलाढालीत वकील बसत नाही. एकच स्टिकर करा."

एकच करायचा म्हणजे कुठला? सांगलीचा छापला तर पुण्यात माल उभाच राहत नाही. पुण्याचा छापला तर सांगलीत कमी दरानं विकायला कायदा आड येत नाही, कारण छापील किंमत ही वरची मर्यादा आहे, खालची नाही. मला ते फार हुशारीचं वाटलं होतं. पाकिटावर ९९ छापायचे आणि सांगलीत ७५ ला विकायचं. हे पहिलं दार.

हा फरक हवाच कशाला, असं नणंदेनं त्या दिवशी विचारलं. "तुमची हळद तीच, पाकीट तेच. सांगलीहून इथपर्यंत यायला चोवीस रुपये लागतात होय?"

तिला मी कागदावर मांडून दाखवलं होतं, तेच इथं मांडते. हळकुंडं मार्केट यार्डातून अडत, हमाली, तोलाई सगळं धरून १७० रुपये किलोनं पडली होती. दळताना शंभराला सहा किलोची तूट धरायची, कारण ओल उडते, माती-साल जाते, आणि थोडी पूड आमच्या साड्यांवर बसते. दळणाचा खर्च धरून पूड १९३ ला किलो. म्हणजे दोनशे ग्रॅमला साडेअडतीस रुपये. पाऊच, बॉक्स, मजुरी, लाईटबिल, कर्जाचा हप्ता हे सगळं घातलं की पाकीट ५२ ला पडतं. त्यावर मी ८ रुपये घेते. पाच टक्के जीएसटी लागून ६३. या आकड्यापर्यंत सांगली आणि पुणे एकच आहे.

सांगलीत ते पाकीट मी स्कूटीवरून किंवा छोट्या टेम्पोनं थेट दुकानात देते. दुकानदार त्यावर बारा रुपये ठेवतो आणि ७५ ला विकतो. पैसे रोख, नाहीतर पुढच्या शनिवारी. माल खपला नाही तर फोन करतो, मी बदलून देते. संपलं.

पुण्याचं तसं नाही. पन्नास पाकिटांचा बॉक्स ट्रान्सपोर्टनं जातो, बॉक्सला ९० रुपये. म्हणजे पाकिटामागे १ रुपया ८० पैसे. हा आकडा नणंदेनं दोनदा वाचला. सव्वादोनशे किलोमीटरचं अंतर, खंबाटकी घाट, टोलनाके, सगळं मिळून दोन रुपयेसुद्धा नाहीत. लांब पडतं म्हणून महाग, ही आपली घरगुती समजूत हळदीसारख्या हलक्या आणि न नासणाऱ्या मालाला लागूच पडत नाही.

पैसे जातात ते माल पुण्यात उतरल्यावर. तिथला दुकानदार 'दहावर एक' मागतो, म्हणजे दहा पाकिटांवर एक फुकट. न दिलं तर पाकीट खालच्या फळीवर, उंदराच्या औषधाशेजारी. त्या फुकट पाकिटाचे ६ रुपये ३० पैसे बाकीच्या दहा पाकिटांवर बसतात. उधारी पंचेचाळीस दिवसांची, तिचं व्याज रुपयाभर. फाटलं, मुदत संपली, परत आलं, त्याचा सव्वा रुपया. वितरकाचे आठ टक्के. आणि शेवटी दुकानदाराला छापील किमतीवर वीस टक्के हवेत, कारण त्याच्या गाळ्याचं भाडं सांगलीतल्या अख्ख्या दुकानाच्या महिन्याच्या नफ्याएवढं असतं. या सगळ्याची बेरीज केली की ९९ रुपये २ पैसे येतात. दोन पैसे मी सोडले.

"म्हणजे तुला इथून जास्त काही मिळतच नाही?" नणंद म्हणाली.

पाकिटामागे तेच आठ रुपये. तेही पंचेचाळीस दिवसांनी.

हे मी ठामपणे सांगितलं खरं, पण ते पूर्ण खरं नव्हतं. त्याकडे नंतर येते.

आता दुसरं दार. तो बॅच ज्यांना दिला होता ते घाऊक व्यापारी आमच्या ओळखीचे आहेत. बऱ्याच वर्षांची देवघेव, कधी चेक परत गेला नाही. त्यांचा माझ्याकडून उचल महिन्याला सहा बॉक्सचा. मागच्या वर्षी उन्हाळ्यात एकदम बावीस मागितले. मी खूश झाले. लग्नसराई असेल, हॉटेलवाले धरले असतील, असं मनाशी म्हणाले आणि बावीस दिले, तेही ६३ च्या भावानं, रोखीत. गिऱ्हाईक अचानक साडेतीन पट खायला लागलं तर माल ते खात नसतं, हे एवढं साधं गणित तेव्हा सुचलं नाही.

त्यांनी काय केलं ते नंतर कळलं. ६३ ला घेतलं, १ रुपया ८० पैसे भाडं भरलं, आणि पुण्याच्या दुकानदारांना ७२ ला दिलं. आमच्या वितरकाचा भाव सव्वाएकोणऐंशी. दुकानदाराला पाकिटामागे सात रुपये सुटले, म्हणून त्याला ते गिऱ्हाइकाला ९० ला विकता आलं. व्यापाऱ्याला न फाडलेल्या बॉक्सवर, 'दहावर एक' न देता, पाकिटामागे सात रुपयांच्या वर. यात नुकसान फक्त आमच्या वितरकाचं झालं, ज्यानं तीन वर्षं दारोदार फिरून हे पाकीट फळीवर नेऊन ठेवलं होतं. त्याचा फोन आला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. "ताई, तुमचाच माल मला बाहेर स्वस्त मिळतोय. मग तुमच्याकडून कशाला घेऊ?"

व्यापाऱ्यांकडे गेले. मनात बरंच बोलायचं ठरवून गेले होते. त्यांनी चहा मागवला आणि शांतपणे विचारलं, "वहिनी, मी माल चोरून न्हेला का? बिल हाय. पैसे रोख दिले. आता माझा माल मी कुठं इकायचा ते तुम्ही सांगणार?"

त्यांचं चुकलेलं नव्हतं. मी त्यांना हाताला धरून थांबवू शकत नव्हते, फक्त पुढच्या वेळी सहाच्या वर बॉक्स द्यायचे नाहीत एवढंच माझ्या हातात होतं. आणि सहातलेही तीन ते पुण्याला पाठवणारच, हे दोघांनाही माहीत होतं. एकाच मालाच्या दोन भावांमध्ये भाड्यापेक्षा जास्त अंतर ठेवलं की त्या अंतरात कुणीतरी टेम्पो घालतोच. नदीला उतार मिळाल्यासारखं आहे ते. आणि तो उतार मीच पाकिटावर ९९ असे ठळक छापून दिला होता.

सांगलीतही त्या छापील आकड्यानं मला काही सुख दिलं नव्हतं. आमच्या शेडवर एक आजी येतात, हरिपूरच्या. त्यांच्या घरचं पेव होतं. जमिनीखाली हळद साठवायचं ते हरिपूरचं पेव आता पाहायलाही फारसं मिळत नाही, २००५ च्या महापुरात बरीच पेवं गेली. आजींनी पाकीट हातात घेऊन ९९ वाचलं, मी ७५ मागितले, तर त्या पाकीट नाकाशी धरून म्हणाल्या, "का गं, नव्याण्णव छापलंय नि पंच्याहत्तरला देतीस? शिळं हाय व्हय?"

नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न, "मग नव्याण्णव कुणासाठी छापलंय?"

पुण्यासाठी, असं सांगितलं. आजींना ते पटलं, पण त्यांचं समाधान झालं नाही. यार्डात काल क्विंटलला काय निघालं ते त्यांनी पेपरात वाचलेलं होतं. "सतरा हजाराला क्विंटल. म्हंजे पावशेराला साधारण चाळीस. दळायला चार. आणि तू दोनशे ग्रामला पंच्याहत्तर घेतीस." त्यांनी पाकीट खाली ठेवलं आणि दोन किलो हळकुंडं घेऊन दळायला दिली.

या आजींमुळे एक गोष्ट माझ्या नीट ध्यानात आली, जिचं कारण मी आधी चुकीचं लावत होते. लोक म्हणतात लहान गावात भाव कमी ठेवावा लागतो, कारण लोकांकडे पैसा कमी. इथल्या विश्रामबागेतल्या डॉक्टरीणबाई माझ्या नणंदेला महिन्याच्या खर्चात सहज विकत घेतील, पण त्याही पंच्याहत्तरला नाक मुरडतात. सांगलीत हळदीला पर्याय दारात आहे. हळकुंड मिळतं, गिरणी कोपऱ्यावर आहे, कुणाचा तरी मामा शेतकरी आहे, आणि भाव पेपरात येतो. कोथरूडच्या चौथ्या मजल्यावर हळकुंडाचा भाव कुणाला माहीत नसतो आणि दळून द्यायला कुणी नसतं. तिथं गिऱ्हाईक माझ्या पाकिटाची तुलना शेजारच्या पाकिटाशी करतं, इथं मार्केट यार्डाशी.  बेदाण्याचंही तेच. तासगावच्या माणसाला बेदाण्याचं पाकीट विकून दाखवा.

म्हणून 'मोठं शहर महाग, लहान गाव स्वस्त' असा सरसकट नियम नाही. गिऱ्हाइकाला दुसरीकडे जायची वाट किती जवळ आहे, त्यावर सगळं आहे.

आता ते अर्धवट खरं. २०२३ मध्ये हळदीचे भाव चढले. सांगलीत मी पाच रुपये वाढवले तर आठवडाभर बोलणी खाल्ली. पुण्यात स्टिकर बदलला आणि एकाही माणसानं का म्हणून विचारलं नाही. पुढे मला एक चढा पडलेला लॉट संपून स्वस्तातला मिळाला. सांगलीचे भाव मला त्याच महिन्यात उतरवावे लागले, आजी पेपर घेऊन हजर. पुण्याचा मी उतरवला नाही. पाच महिने. त्या पाच महिन्यांत मला पुण्याच्या पाकिटामागे आठ नाही, चौदा-पंधरा मिळत होते. ते बरे वाटत होते. मध्यस्थांचा खर्च जास्त म्हणून पुण्याचा भाव जास्त, हे माझं आकडेवारीचं उत्तर त्या काळात निव्वळ थाप झालं होतं. गिऱ्हाइकाला माहीत नाही एवढंच त्यामागचं कारण उरलं होतं. नणंदेला हे सांगितलं नाही. ती हे वाचेल तेव्हा तिला कळेल.

चोरवाट बंद कशी करायची यावर मला भरपूर सल्ले मिळाले. एका मित्राचा सल्ला होता की सांगलीच्या पाकिटात हळकुंडाबरोबर थोडी हलक्या प्रतीची कणी आणि गड्डे दळून घाल, माल वेगळा झाला की किंमत वेगळी छापायला कोण अडवतंय? कागदावर हे बिनचूक आहे. मी दोन किलो करूनही बघितलं. तळहातावर दोन्ही पुडी घेऊन उन्हात धरल्या, तर एक केशरीकडे झुकणारी आणि दुसरी मातकट पिवळी. वासही उतरलेला.

झ्यूल द्युप्युई नावाचा फ्रेंच इंजिनिअर होता, त्यानं १८४९ मध्ये रेल्वेच्या डब्यांबद्दल असंच काही लिहून ठेवलं आहे. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसायचं. ते का, तर छपराला फार पैसे लागतात म्हणून नव्हे. ज्याला दुसऱ्या वर्गाचं तिकीट परवडतं त्यानं तिसऱ्यात बसू नये म्हणून. गरिबाला त्रास देण्यात कंपनीला रस नसतो, श्रीमंताला घाबरवण्यात असतो, आणि त्यात गरीब भिजतो. सांगलीच्या पाकिटात कणी घालणं म्हणजे डब्याचं छप्पर काढणं. शिवाय यात एक गंमत आहे. कणी घातलेली हळद सांगलीत पहिल्या भाजीला ओळखली गेली असती. पुण्यात कदाचित कळलीही नसती. म्हणजे छप्पर काढायचंच तर शहाणा माणूस पुण्याच्या डब्याचं काढेल, आणि तसं करणारे आहेतही. मला दोन्हीकडे छप्पर ठेवायचं होतं.

दुसरा विचार माझाच होता, की सांगलीत पाकीटच नको, सुटी पूड विकू. गिऱ्हाइकासमोर वजन करून दिलेला माल नियमांच्या भाषेत पॅकबंद ठरत नाही. गिऱ्हाईक हजर नसताना जे भरून ठेवलेलं असतं ते पॅकबंद. तिथं छापील किमतीचा प्रश्नच नाही, रोजचा भाव फळ्यावर लिहायचा. फळा आणलाही. मग सीएनं ज्यांच्याकडे पाठवलं त्या अन्न परवान्याच्या बाईंनी सांगितलं की मसाल्यांची पूड सुटी विकायला अन्नसुरक्षेच्या नियमांत बंदी आहे, पूड पॅकबंदच हवी. कारणही रास्त आहे, पुडीत काय मिसळलंय ते डोळ्यांना दिसत नाही. हळकुंडं मात्र सुटी विकता येतात आणि गिऱ्हाइकाची हळकुंडं दळूनही देता येतात. तेवढ्यासाठी फळा वापरात आला. त्यावर दोनच ओळी आहेत, हळकुंड आणि दळण. आजी त्या रोज तपासतात.

शेवटी सुटका झाली ती एका वेगळ्याच बाजूनं, आणि ते सुचायला मला लाज वाटावी इतके महिने लागले. मी सगळा वेळ दुकानदाराला माल कितीला द्यायचा याचा विचार करत होते. चोरवाटेचं मूळ तिथं नव्हतंच. छापील आकडा आणि माझा भाव यांच्यात छत्तीस रुपयांची मोकळी जागा होती, ती होती खरी अडचण. तेवढ्या जागेत पुण्यापर्यंतचे सगळे हात आरामात बसत होते. ती जागाच नसेल तर?

सांगलीतून मी दोनशे ग्रॅमचं पाकीट पूर्ण बंद केलं. इथं फक्त पाचशे ग्रॅमचं. पाऊच साधा, चकाकी नाही, झिप नाही, एकरंगी छपाई. आतली पूड तीच, त्याच दळणाची. छापील किंमत १७०. दुकानदाराला १५० ला. त्याला वीस सुटतात, सांगलीत तेवढ्यावर भागतं कारण माल आठवड्यात फिरतो.

आता हे पाकीट कुणी पुण्याला न्यायचं म्हटलं तर दीडशेत घेऊन साडेचार रुपये भाडं भरायचं, म्हणजे एकशे साडेचौपन्नला पडलं. विकायचं १७० च्या आत, कारण त्यावर एक रुपया घेतला तरी गुन्हा. उरले साडेपंधरा, त्यात नेणारा आणि पुण्याचा दुकानदार दोघं. पुण्याच्या दुकानदाराला वीस टक्के म्हणजे एकट्याला ३४ हवेत. कुणी हात लावत नाही. जी छापील किंमत माझी अडचण होती, तीच कमी छापल्यावर कुंपण झाली. व्यापाऱ्यांनी पहिल्याच महिन्यात पाकीट हातात घेऊन आकडा बघितला आणि हसले. "वहिनी, बरुबर केलंत." त्यांचा उचल पुन्हा सहा बॉक्सवर आला. पुण्याच्या वितरकाचा वीसवर जायला चार महिने लागले, आणि दोन दुकानं त्यांच्या हातून कायमची गेली.

लहान पाकीटच हवं असणाऱ्यांची सांगलीत पंचाईत झाली, हे कबूल करायला हवं. एकटी राहणारी माणसं, हॉस्टेलच्या मुली, दिवसाचा पगार घेऊन संध्याकाळी वीस रुपयांची हळद घेणाऱ्या बायका. ज्यांना अर्धा किलो एकदम घेणं परवडत नाही त्यांना माझा स्वस्त भाव मिळतच नाही. त्यावर माझ्याकडे चांगला उपाय नाही. पन्नास ग्रॅमचं पाकीट केलं की पाऊच आणि मजुरीच हळदीच्या अर्ध्या किमतीला जाऊन भिडते. 

पुण्याचं पाकीट ९९ ला आहे. तिथं आता एक बदल मी स्वतःवर घालून घेतला आहे. नवा लॉट पडला की दोन्ही पाकिटांवर मला किलोमागे किती सुटतं ते वहीत शेजारी-शेजारी लिहिते. गेल्या महिन्यात पुण्यात ४० होते आणि सांगलीत ४५. हो, सांगलीत जास्त, कारण इथं रोख पैसे आहेत, फुकटचं अकरावं पाकीट नाही आणि मोठ्या पाऊचला मजुरी कमी. पुण्याचा आकडा सांगलीच्या फार वर गेला की स्टिकर बदलायचा, असं ठरवलं आहे. ठरवून सहाच महिने झालेत आणि मधल्या काळात भाव फारसे हललेले नाहीत, तेव्हा माझी परीक्षा अजून व्हायची आहे.

लपवाछपवी करता येईल अशीही सोय राहिलेली नाही. आता पाकिटावर एका ग्रॅमचा दरही छापावा लागतो. पुण्याच्या पाकिटावर ५० पैसे, सांगलीच्या ३४ पैसे. बारीक अक्षरात असतं, पण असतं.

दिवाळीला नणंद आली तेव्हा शेडवर घेऊन गेले. तिनं साधा पाऊच उचलला, चष्मा वर करून मागची बारीक अक्षरं वाचली, मग पर्समधून घरून आणलेलं आमचं रिकामं दोनशेचं पाकीट काढलं. ती ते मुद्दाम घेऊन आली होती. दोन्ही शेजारी धरून माझ्याकडे बघत राहिली. मी पुन्हा कागद काढायला लागले तर म्हणाली, "राहू दे, कळलंय मला. चार दे."

चार दिले. सहाशे ऐंशी रुपये झाले, तिनं सातशे दिले, वीस परत घेतले. पिशवीत भरताना काहीतरी आठवलं तशी थांबली.

"अजून सहा दे. सोसायटीतल्या बायकांनी सांगितलंय."

मी सहा दिले, आणि वहीत बॅच नंबर लिहून ठेवला.